थायरॉइड जिभेखालून गळ्यात उतरते, त्या वाटेवरची गाठ

प्रश्न: माझ्या ६ वर्षांच्या मुलीच्या गळ्याच्या मधोमध बोराएवढी गाठ आहे. दुखत नाही. सर्जन म्हणाले, थायरोग्लॉसल सिस्ट आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि गाठीबरोबर हाडाचा तुकडाही काढावा लागेल. त्याआधी थायरॉइडची सोनोग्राफी आणि टीएसएच करून आणायला सांगितलंय. गाठ मऊ आहे, मग हाड कशाला काढायचं? आणि तिला थायरॉइडचा काहीच त्रास नाही, तर ती तपासणी कशासाठी?

उत्तर: तुमच्या दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे, आणि ते तुमची लेक पोटात जेमतेम साडेतीन आठवड्यांची होती त्या दिवसांत आहे. मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. ही गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईबाबांना मी आधी थायरॉइड कुठे जन्मते ते सांगतो, कारण तेवढं कळलं की हाड का आणि तपासणी का, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आपण थायरॉइड म्हणतो ती ग्रंथी घाटीच्या खाली, श्वासनलिकेला पुढून मिठी मारून बसलेली असते. पण ती तिथे तयार होत नाही. गर्भ साधारण २४ दिवसांचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठा असताना, जिथे पुढे जीभ होणार त्या जागी घशाच्या तळावर पेशींचा एक छोटासा उंचवटा दिसू लागतो. शरीरातल्या हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींपैकी ही सगळ्यात आधी आकार घ्यायला लागते. हा उंचवटा खाली दबतो, त्याची पिशवी होते आणि ती पिशवी गळ्याच्या पुढच्या बाजूने खाली सरकू लागते. सरकताना मागे एक बारीक नळी राहते, तिचं एक टोक जिभेच्या मुळाशी आणि दुसरं ग्रंथीला चिकटलेलं. हीच थायरोग्लॉसल नळी. सातव्या आठवड्याच्या सुमारास ग्रंथी आपल्या कायमच्या जागी पोचते, तिच्या दोन पाळ्या आणि मधला पट्टा दिसू लागतो, आणि काम झालेली नळी दहाव्या आठवड्यापर्यंत विरून जाते.

सरकते म्हणजे सुरवंटासारखी चालत जाते असं डोळ्यांसमोर आणू नका. त्या वयात गर्भाला मान अशी नसतेच. हनुवटी छातीवर टेकलेली आणि हृदय हनुवटीला लागून. थायरॉइडचा कोंब हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिनीच्या अगदी शेजारी असतो. पुढे डोकं वर उचललं जातं, मान लांबते, हृदय छातीत जातं आणि या सगळ्या ताणाताणीत ग्रंथी जिभेपासून दूर जाते. नुसता ताण पुरेसा नसतो, पेशींनाही निघण्याची सूचना मिळावी लागते. ज्या उंदरांत फॉक्स-ई-१ नावाचं जनुक काम करत नाही, त्यांची थायरॉइड एकतर जिभेपाशीच अडकून राहते किंवा नाहीशी होते.

या प्रवासाची खूण तुमच्या-माझ्या जिभेवर आजही आहे. जीभ पूर्ण बाहेर काढली की अगदी मागे, मोठ्या दाण्यांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी रांग असते. त्या रांगेच्या टोकामागे एक लहानसा खळगा असतो, त्याला आम्ही फोरामेन सीकम म्हणतो. नळी तिथून सुरू झाली होती. खालच्या टोकाचीही खूण राहते. जवळपास निम्म्या माणसांत थायरॉइडच्या मधल्या पट्ट्यातून वर निघालेली मांसाची एक छोटी जीभ सापडते, ती या नळीचंच उरलेलं शेपूट. त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते नळीचा मधला एखादा भाग विरायचा राहिला तर. आतून पेशींचं अस्तर असलेला तो तुकडा वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. शवविच्छेदनात पाहिलं तर सुमारे ७ टक्के प्रौढांत असे अवशेष सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ज्यांच्यात ते अस्तर चिकट पाणी सोडू लागतं त्यांच्यात फुगा तयार होतो. हीच तुमच्या मुलीच्या गळ्यातली गाठ असावी. मुलांमध्ये ती बहुधा सर्दी-घसा झाल्यानंतर नजरेत येते. आईला वाटतं, काल नव्हती आज आली. प्रत्यक्षात नळी जन्मापासूनच होती, घशाच्या संसर्गाने ती फक्त सुजून वर आली.

आता हाडाकडे येऊ. घाटीच्या वर, हनुवटीखाली बोटाने हलकंच दाबलं तर घोड्याच्या नालासारखं एक हाड लागतं, ते हायॉइड. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी ते जोडलेलं नसतं, नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं. गर्भात ते दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधोमध जुळतं. पण ते जुळायच्या आधीपासून तिथे थायरॉइडची नळी उभी असते. हाड आलं आणि नळीला घेरून बसलं, असं म्हणा. त्यामुळे नळी कधी हाडाच्या पुढून जाते, बऱ्याचदा खालून वळसा घालून हाडाच्या मागच्या बाजूला चिकटून वर चढते आणि क्वचित हाडातूनच जाते. नेमकी कुठून गेली आहे हे ऑपरेशनच्या टेबलावर उघड्या डोळ्यांनी कळत नाही. त्यातच हाडाच्या वर, जिभेच्या स्नायूंत शिरताना, तिला बारीक फाटे फुटलेले असतात, ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

ज्यांनी शेतात हरळी काढली आहे त्यांना हे लगेच उमगेल. वरचं गवत ओढून काढलं की जमीन स्वच्छ दिसते, पण खाली एक कांडी राहिली की पुढच्या पावसात ती परत उभी. नुसती गाठ सोलून काढली तर साधारण निम्म्या मुलांत ती परत येते. हे सर्जनना शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच कळलं होतं. श्लांगे या जर्मन सर्जननी १८९३ मध्ये गाठीबरोबर हायॉइडचा मधला भाग काढायला सांगितलं. त्याने परत येणं कमी झालं, पण थांबलं नाही, कारण हाडाच्या वरचे फाटे तसेच राहत होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये पुढची पायरी मांडली: गाठ, हायॉइडचा मधला तुकडा, आणि तिथून जिभेच्या खळग्यापर्यंतचा स्नायूंचा गाभा, हे सगळं एकसंध काढायचं. नळी शोधत बसायचं नाही, ती ज्या मांसातून जाते ते मांसच काढायचं. आजही आम्ही हेच ऑपरेशन करतो, आणि नीट झालं तर गाठ परत येण्याचं प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं.

टेबलावर काय होतं ते सांगतो, म्हणजे हाड काढण्याची धास्ती कमी होईल. गळ्याच्या घडीत आडवी चीर देतो, पुढे ती घडीतच मिसळते. गाठ न फोडता चारी बाजूंनी मोकळी करतो आणि तिचा देठ हायॉइडपर्यंत नेतो. हाडाचा फक्त मधला, एक सेंटिमीटरच्या आसपास तुकडा दोन्हीकडून कापतो. सहा वर्षांच्या मुलीत हे हाड बरंचसं कूर्चेसारखं मऊ असतं, साध्या कात्रीनेही कापलं जातं. बाजूला फार जायचं नाही, कारण जीभ हलवणारी नस तिथून जाते. मग भूलतज्ज्ञ तोंडात हातमोजा घातलेलं बोट घालून जिभेचं मूळ खालून वर आमच्याकडे ढकलतात. त्या बोटाच्या दिशेने स्नायूंचा पेन्सिलएवढा गाभा काढत आम्ही खळग्याच्या जवळ पोचतो. हाडाची दोन टोकं जोडत नाही, मधे काही बसवतही नाही. नुसते स्नायू शिवतो. त्या तुकड्यावाचून बोलणं, गिळणं, गाणं काहीच अडत नाही. मूल बहुधा त्याच संध्याकाळी दूध-पेज घेतं आणि एक-दोन दिवसांत घरी जातं.

एक धोका मात्र मुद्दाम सांगतो. खूप लहान मुलांत हायॉइड आणि त्याखालची स्वरयंत्राची कूर्चा एकमेकांना इतकी चिकटून असते की अननुभवी हाताने कूर्चेलाच हायॉइड समजण्याची चूक होऊ शकते, आणि ती भयंकर असते. म्हणून हे ऑपरेशन मुलांचे गळे नेहमी हाताळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

काही वर्षांपूर्वी ९ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दोन वर्षांआधी दुसऱ्या एका ठिकाणी त्याची हीच गाठ काढली होती. टाके छान भरले होते, पण सात महिन्यांनी त्याच व्रणाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं आणि त्यातून चिकट पाणी झिरपू लागलं. शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर रोज पिवळट व्हायची म्हणून त्याची आई शर्टात रुमाल खोचून पाठवायची. डिस्चार्ज कार्डावर एवढंच लिहिलं होतं, ‘सिस्ट काढली’. हायॉइडचा शब्द नव्हता. आम्ही ऑपरेशन केलं तेव्हा हायॉइड अखंड होतं. हाड आणि वरचा गाभा काढून पॅथॉलॉजीला पाठवला, तर हाडाच्या वरच्या मांसात नळीचे दोन फाटे मिळाले. त्यानंतर त्याचा गळा कोरडा आहे. पण पहिल्याच वेळी जे सोपं होतं, ते दुसऱ्यांदा व्रणाच्या चिवट मांसातून वाट काढत करावं लागलं, आणि त्या मुलाला दोनदा भूल घ्यावी लागली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हा पहिल्याहून महत्त्वाचा आहे. नळीचा तुकडा मागे राहू शकतो, तशी कधीकधी ग्रंथीच वाटेत थांबते. निघालीच नाही तर जिभेच्या मुळाशी, अर्ध्यावर थांबली तर हायॉइडच्या आसपास. दुसऱ्या जागी ती अगदी थायरोग्लॉसल सिस्टसारखीच दिसते: मधोमध, गोल, न दुखणारी. असं क्वचितच होतं, पण ज्याच्यात होतं त्याच्याकडे बहुतेक वेळा तेवढीच थायरॉइड असते. ती सिस्ट समजून काढली, तर मूल जन्मभर गोळीवर जातं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर गोळीशिवाय सुस्त होत जातं, वाढ खुंटते.

बाहेरून हात लावून हे ओळखता येत नाही. तुमच्या सर्जननी तिला जीभ बाहेर काढायला लावून गाठीवर बोट ठेवलं असेल. मीही तसंच करतो. आधी तोंड उघडायला सांगतो आणि खालचा जबडा धरतो, कारण जबडा हलला तरी हायॉइड हलतं आणि फसगत होते. मग म्हणतो, आइस्क्रीम चाटतेस तशी जीभ काढ. गाठ बोटाखालून टुणकन वर गेली की ती जिभेच्या मुळाशी आणि हायॉइडशी जोडलेली आहे हे कळतं. जागेवर असलेल्या थायरॉइडची गाठ आवंढा गिळताना हलते, जिभेबरोबर हलत नाही. कातडीखालची डरमॉइड गाठ बहुधा जिभेला दाद देत नाही. पण वाटेत अडकलेली थायरॉइड त्याच वाटेवर असल्याने जिभेबरोबर तशीच वर जाऊ शकते.

मला हे शिकवलं ते ७ वर्षांच्या एका मुलीने. तिच्या कागदावर ‘थायरोग्लॉसल सिस्ट, ऑपरेशनसाठी’ असं लिहून आलं होतं. गाठ हायॉइडच्या किंचित खाली, २२ मिलिमीटर, जिभेबरोबर छान हलणारी. बोटाला थोडी घट्ट लागत होती, पण पाणी दाट असलं की सिस्टही घट्ट लागते. मी तारीख द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात आजी सहज म्हणाली, ‘प्रार्थनेच्या रांगेत ही दोन वर्षं पहिलीच उभी राहते, हिच्या मागच्या पोरी उंच झाल्या.’ उंचीच्या नोंदी काढल्या, तर दोन वर्षांत जेमतेम ५ सेंटिमीटर वाढ. या वयात तेवढी एका वर्षात व्हायला हवी. अंगावरची कातडी कोरडी होती, शौचाला कडक होत होतं, आणि घरचे म्हणत होते, पोर शांत आहे.

सोनोग्राफीत गाठ भरीव निघाली आणि आत रक्तप्रवाह दिसला. नुसत्या भरीव दिसण्याने निर्णय होत नाही, दाट द्रव भरलेली सिस्टही पडद्यावर भरीव भासते. निर्णय झाला तो प्रोब खाली सरकवल्यावर. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना जिथे थायरॉइडच्या पाळ्या असायला हव्यात तिथे फक्त स्नायू आणि चरबी. टीएसएच ३८ आलं, जे ५ च्या आत हवं. मग टेक्नेशियम स्कॅन केला. थायरॉइडच्या पेशी ते किरणोत्सारी द्रव्य आयोडीन समजून ओढून घेतात, त्यामुळे ग्रंथी जिथे असेल तिथे ठिपका उमटतो. एकच ठिपका उमटला, गाठीच्या जागी. मानेच्या खालच्या भागात काळोख.

म्हणजे ती गाठ हीच तिची संपूर्ण थायरॉइड होती. छोटी ग्रंथी, काम पूर्ण शरीराचं. हार्मोन कमी पडलं की मेंदूतून टीएसएचचा तगादा वाढतो, आणि त्या तगाद्याने ग्रंथी फुगते. ती गाठ मोठी होण्याचं कारण तिच्यावरचा हा ताणच होता. आम्ही सुरीला हात लावला नाही. वजनाप्रमाणे थायरॉक्सिन सुरू केलं, रोज सकाळी उपाशीपोटी. सहा आठवड्यांनी टीएसएच आटोक्यात आलं, सहा महिन्यांनी गाठ १३ मिलिमीटर झाली, आणि वर्षभरात मुलीची उंची ८ सेंटिमीटर वाढली. आजी पुढच्या भेटीला म्हणाली, आता ती रांगेत चौथी आहे. गोळी तिला कायम घ्यावी लागेल, पण ती ग्रंथीच कमकुवत आहे म्हणून, आमच्या हातून गेली म्हणून नाही.

जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या मुलांत ग्रंथी जागेवर नसणं हे फार मोठं कारण असतं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात यातली बरीच मुलं सापडतात, पण आपल्याकडे प्रत्येक बाळाची ती तपासणी होतेच असं नाही. शिवाय अर्ध्या वाटेवरची ग्रंथी काही वर्षं कशीबशी पुरी पडते आणि वाढीच्या वयात मागे पडते. म्हणून ‘त्रास नाही’ या उत्तरावर सर्जन थांबत नाहीत, टीएसएच मागतात.

ग्रंथी जिभेच्या मुळाशीच राहिली, तर कहाणी थोडी निराळी. ती बहुधा मुलींत, वयात येताना किंवा पुढे गरोदरपणात, हार्मोनची गरज वाढली की कळते. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतो, झोपेत घोरणं वाढतं. जीभ खाली दाबून पाहिलं तर मागे लालसर, रक्तवाहिन्या चमकणारा गोळा दिसतो, आणि कुणालाही तो ट्यूमर वाटावा असा असतो. यातल्या दर दहांपैकी सुमारे सात जणींना मानेत दुसरी थायरॉइड नसते. म्हणून अशा गोळ्याचा तुकडा तपासायला घेण्याआधीही मानेची सोनोग्राफी व्हायला हवी. तुकडा घेताना रक्तस्रावही खूप होऊ शकतो.

मानेच्या बाजूला थायरॉइडच्या पेशी सापडल्या तर मात्र ‘वाट चुकली असेल’ म्हणून सोडायचं नाही. ही वाट मधोमध आहे. बाजूच्या गाठीत थायरॉइड मिळाली, तर ती थायरॉइडच्या कॅन्सरमधून लसिकाग्रंथीत पोचलेली नाही ना, हे आधी पाहावं लागतं. सिस्टमध्येही शंभरात एखाद्याला असा कॅन्सर निघतो, जवळपास सगळे मोठ्या वयात. तरी काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला जायला हवा.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत गाठ शेकू नका, लेप लावू नका, दाबून बघू नका. तोंडातले जंतू तिथवर पोचू शकतात. लाल झाली, दुखली, ताप आला तर लगेच दाखवा. त्या वेळी प्रतिजैविकं देतात, पू झाला असेल तर शक्यतो सुईने ओढतात. चीर देऊन फोडली तर तिथून पाणी झिरपणारी वाट तयार होते आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. सूज पूर्ण बसल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, मूळ ऑपरेशन करतात.

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की गाठीचं माप बघण्याआधी एक वाक्य शोधा: थायरॉइडच्या दोन्ही पाळ्या जागेवर दिसल्या की नाही. बऱ्याच रिपोर्टमध्ये गाठीचं वर्णन ओळीच्या ओळी असतं आणि हे एक वाक्य राहून जातं. नसेल तर सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडे परत जा आणि प्रोब मानेच्या खालच्या भागावर ठेवून पाहायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. पाळ्या जागेवर असतील आणि टीएसएच ठीक असेल, तर स्कॅनची गरज नाही, सरळ ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डावर हायॉइडचा मधला भाग काढल्याचं लिहून घ्या, तो कागद जपून ठेवा.